डोकं न दुखणारी अर्धशिशी

त्या दुपारी मी प्रुफं तपासत होते. डावीकडे लेखकाची मूळ प्रत, उजवीकडे स्क्रीन, आणि दर ओळीला मान इकडून तिकडे. वीस वर्षं मी हेच काम करते आहे. एका परिच्छेदाशी आले आणि ओळ सरकली. म्हणजे अक्षरं जागेवरच होती, पण त्यांच्यावर नजर ठेवली की ती हळूच उजवीकडे घसरायची आणि क्षणात परत जागेवर यायची. मी चष्मा पुसला. पाणी प्यायला उठले तर पायाखालची जमीन मऊ लागली, गादीवरून चालावं तशी. दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिले. चौकट हलत नाहीये हे कळत होतं, पण ती हलते आहे असं सगळं शरीर ठासून सांगत होतं.

चार तास हे चाललं. मळमळ होती, बोलणं नको वाटत होतं, मान जरा वळवली की खोलीही वळायची आणि मान थांबल्यावरही थोडी वळतच राहायची. पडदा ओढून पडून राहिले. संध्याकाळी उठले तेव्हा गरगरणं संपलं होतं, पण पुढचे दोन दिवस पाऊल जपून टाकावं लागत होतं.

डोकं दुखत नव्हतं. पुढचं दीड वर्ष हे वाक्य मी प्रत्येक डॉक्टरांना सांगितलं, बहुतेक वेळा न विचारताच. तेव्हा मला कळलं नाही, पण योग्य निदानाकडे जाणारी वाट मी स्वतःच्याच हाताने बंद करत होते.

ती बंद होण्यात थोडा वाटा आपल्या भाषेचाही आहे. आपण डॉक्टरांसमोर बसतो आणि म्हणतो, ‘चक्कर येते.’ या एका शब्दात आपण निदान चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, ती चक्कर. घर गरगर फिरतं, तीही चक्कर. चालताना झोक जातो, तीही चक्कर. आणि डोकं नुसतं हलकं, पोकळ झाल्यासारखं वाटतं, त्यालाही दुसरा शब्द नाही. अंधारी येते तेव्हा रक्तदाबाकडे बघावं लागतं. घर फिरतं तेव्हा कानातल्या तोलाच्या इंद्रियाकडे, नाहीतर मेंदूत त्या इंद्रियाचे संदेश जिथे पोचतात तिथे बघावं लागतं. दोन्हींच्या वाटा अगदी वेगळ्या. मी फक्त ‘चक्कर’ म्हणाले, आणि समोरच्या प्रत्येकाने त्या शब्दात आपल्या ओळखीचं दुखणं पाहिलं.

पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, ‘कूस बदलल्यावर होतं का?’ मी म्हटलं, हो. त्यांनी मला तपासणीच्या पलंगावर बसवलं, मान पंचेचाळीस अंशांत उजवीकडे वळवली आणि झटकन मागे आडवं केलं. डोकं पलंगाच्या कडेच्या खाली लोंबत होतं आणि ते माझ्या बुबुळांकडे बघत होते. मग डाव्या बाजूला तसंच. ‘फारसं दिसत नाही,’ ते म्हणाले, ‘पण खडेच असतील.’ आतल्या कानात चुन्याचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं विशिष्ट बाजूला गेल्यावर गरगरतं. हा आजार फार लोकांना होतो, आणि डोकं क्रमाक्रमाने फिरवून स्फटिक परत जागेवर नेता येतात. त्या दिवशी माझंही डोकं तसं फिरवलं गेलं. पुढच्या आठवड्यात परत. फरक पडला नाही.

आज मला वाटतं की सगळी चूक त्या एका प्रश्नोत्तरात होती. स्फटिकांची चक्कर कूस बदलल्यावर *सुरू* होते, पाच-दहा सेकंदांत शिगेला पोचते आणि सहसा मिनिटाच्या आत ओसरते. माझी चक्कर आधीच चालू असायची आणि कूस बदलली की *वाढायची*. सुरू होणं आणि वाढणं. मी ‘हो’ म्हणाले तेव्हा हा फरक कोणी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही. त्याहून सोपा प्रश्न होता: किती वेळ टिकते? चार तास हे उत्तर ऐकल्यावर स्फटिक मुख्य संशयित राहिले नसते. शिवाय आडवं केल्यावर बुबुळांनी ठरावीक तऱ्हेने फिरत उडायला हवं होतं, तेही झालं नव्हतं.

मग मान आली. क्ष-किरण चित्रात मानेचे दोन मणके झिजलेले दिसले. मी चव्वेचाळीस वर्षांची होते. या वयात कोणाच्याही मानेचं चित्र काढलं तरी थोडी झीज दिसतेच, आणि ती दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच येते असं ठरत नाही. पण हातात चित्र आहे, चित्रात दोष आहे आणि पेशंटची तक्रार आहे, म्हटल्यावर तिघांची सांगड चटकन घातली जाते. मला पट्टा मिळाला. तो मी सात आठवडे इमाने इतबारे घातला. मान हलली नाही की बरं वाटायचं, म्हणून निदान बरोबर आहे असंही वाटायचं. प्रत्यक्षात डोकं हललं की त्रास वाढतो, म्हणून मान अवघडून धरायची सवय मला आधीच लागली होती आणि मानेचे स्नायू त्यानेच दुखत होते. कार्य आणि कारण उलटं धरलं गेलं होतं.

यानंतर कानाच्या तपासण्या झाल्या. ऐकण्याची चाचणी उत्तम निघाली. एका तपासणीत कानात आधी गार आणि मग कोमट पाणी सोडतात आणि प्रत्येक बाजूचं तोलाचं इंद्रिय किती प्रतिसाद देतं ते बुबुळांच्या हालचालीवरून मोजतात. दोन्ही बाजू सारख्या होत्या. मात्र त्या तपासणीत मला इतकी मळमळ झाली की शेवटची फेरी अर्धवट सोडावी लागली आणि पुढचा दीड दिवस मी अंथरुणात होते. अहवालात याची नोंद नव्हती. यंत्राला हवे ते आकडे मिळाले होते, आणि ते आकडे मिळताना माणसाला काय झालं याला अहवालात रकाना नव्हता. पुढे कळलं की या आजाराच्या पेशंटांना ही तपासणी इतरांपेक्षा बरीच कमी सोसते. म्हणजे खूण तिथेच, त्या टेबलावर उमटली होती.

मेंदूचा एमआरआयही स्वच्छ. ‘सगळं नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकून सुटका वाटायला हवी. मला रडू आलं. सगळं नॉर्मल असेल तर मी जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी का धरते? मग अर्थातच ताणाचा विषय निघाला. ताण होताच. पुढचा झटका कधी येईल या धास्तीने मी एकटीने बाहेर पडणं बंद केलं होतं. पण ती धास्ती चक्कर सुरू झाल्यानंतर आली होती, आधी नाही. हा क्रमसुद्धा कोणी विचारला नव्हता.

मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले ती जवळजवळ नाइलाजाने. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि आधी काही धोक्याचे प्रश्न विचारले. कधी बोलणं जड झालं का, एका वस्तूच्या दोन दिसल्या का, चेहरा किंवा हातपाय एका बाजूला लुळे पडले का, झटक्यात अजिबात उभंच राहता आलं नाही असं झालं का, एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं का? यांतलं काहीही ‘हो’ असतं, किंवा अशी गरगर उतारवयात आयुष्यात पहिल्यांदाच अचानक आली असती, तर ताबडतोब रुग्णालय गाठायला हवं, कारण मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात असाच सुरू होऊ शकतो. माझी सगळी उत्तरं ‘नाही’ होती, आणि दीड वर्षात झटके येऊन पूर्ण ओसरत होते.

मग त्यांनी जे विचारलं ते मला कोणीच विचारलं नव्हतं. ‘चक्कर येते तेव्हा तुम्ही खोलीत काय करता?’

मी म्हटलं, पडून राहते.

‘दिवा चालू ठेवून?’

नाही. पडदा ओढते. फोन उलटा ठेवते. स्वयंपाकघरात भांडं वाजलं तरी नको वाटतं, म्हणून दार लावून घेते. मी हे सांगत होते आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की हे सगळं मी आयुष्यात आधीही करत होते. वीस वर्षांपूर्वी. तेव्हा डोकं दुखायचं.

एकोणिसाव्या वर्षापासून छत्तिशीपर्यंत महिन्यातून एकदोनदा माझं अर्धं डोकं ठणकायचं. बहुतेक वेळा उजवीकडे, डोळ्याच्या मागे, नाडीच्या ठोक्यासारखं. उलटी झाली की झोप लागायची आणि उठले की मोकळी. पुढे ते हळूहळू कमी झालं आणि थांबलं. थांबलेल्या दुखण्याबद्दल कोण बोलतं? प्रत्येक नव्या डॉक्टरांच्या फॉर्मवर ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात मी ‘काही नाही’ असंच लिहिलं होतं. कोणी फार तर ‘डोकं दुखतं का?’ असं विचारलं असेल. त्याचं खरं उत्तर ‘नाही’च होतं. ‘पूर्वी कधी दुखायचं का?’ असं विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.

‘तुम्हाला अर्धशिशी आहे,’ ते म्हणाले. ‘तोलाची अर्धशिशी. व्हेस्टिब्युलर मायग्रेन.’

मी लगेच म्हणाले, ‘पण डोकं दुखत नाही.’ ते म्हणाले, ‘नावामुळेच घोळ होतो.’

त्यांचं हे बोलणं मी घरी येऊन खूप वेळ घोळवलं, शब्दांचं काम करणारी म्हणूनही असेल. अर्धशिशी म्हणजे अर्ध्या शिराचं दुखणं. मायग्रेन हा शब्दसुद्धा ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ अर्धी कवटीच. दोन्ही भाषांनी आजाराला त्याच्या सर्वांत ठळक लक्षणाचं नाव दिलं, आणि मग ते लक्षण नसेल तर आजारच नाही असं सगळे धरून चालले. खरं म्हणजे अर्धशिशी हा मेंदूचा, बाहेरून येणाऱ्या संवेदना प्रमाणात ठेवण्याच्या यंत्रणेचा आजार आहे. डोकं ठणकणं हे त्याचं एक रूप. उजेड टोचणं हे दुसरं. आवाज अंगावर येणं, वास सहन न होणं, गाडी लागणं ही आणखी. आणि तोल हीसुद्धा एक संवेदनाच आहे. चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या वेदना आणणारी मोठी नस आहे, ट्रायजेमिनल. तिची मेंदूच्या देठातली केंद्रं आणि तोलाची केंद्रं यांची एकमेकांत ये-जा आहे, आणि आतल्या कानाच्या रक्तवाहिन्यांपर्यंतही तिचे धागे पोचतात. म्हणजे जी खळबळ एखाद्या दिवशी वेदनेच्या वाटेने बाहेर पडते तीच दुसऱ्या दिवशी तोलाच्या वाटेने पडू शकते. यातला नेमका दुवा कोणता यावर संशोधन चालू आहे, पण साधारण चित्र हे.

कल्पना नवी नाही. इंग्लंडमधल्या एडवर्ड लिव्हिंग या वैद्याने 1873 मध्ये अर्धशिशीवर जाड ग्रंथ लिहिला, त्यात चक्कर आणि अर्धशिशी यांचा संबंध नोंदवला होता. तरीही या आजाराच्या निदानाचे सर्वमान्य निकष ठरायला 2012 उजाडलं. तोलाच्या विकारांवर काम करणाऱ्या बारानी सोसायटीने आणि आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने ते मिळून ठरवले. मधल्या काळात याला अनेक नावं होती, आणि अनेक नावांच्या आजाराला नाव नसल्यासारखंच असतं. आज पन्नाशीत असलेले कितीतरी डॉक्टर शिकले तेव्हा अभ्यासक्रमात हे नावच नव्हतं, हे लक्षात आल्यावर माझा आधीच्या लोकांवरचा राग बराच उतरला. पूर्ण उतरला असं म्हणणार नाही.

त्यांनी त्याच दिवशी शिक्का मारला नाही. ‘चार महिने डायरी ठेवा,’ म्हणाले. पाच रकाने आखून दिले: कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, नेमकं काय झालं, उजेड-आवाज सोसला का, आणि डोकं दुखलं का. ‘चक्कर’ हा शब्द डायरीत वापरायचा नाही, अशी अटही घातली. फिरलं, तरंगलं, झोक गेला, अंधारी आली, जे झालं ते लिहायचं.

सोळा आठवड्यांत बारा नोंदी झाल्या. ती वही अजून माझ्याकडे आहे. आम्ही ती मिळून वाचली. एक नोंद त्यांनी पेन्सिलीने खोडली. सकाळी अंथरुणातून झटकन उठल्यावर काही सेकंद अंधारी आली होती, ती रक्तदाबाची गोष्ट, इथली नव्हे. उरल्या अकरा. निकष सांगतो की असे निदान पाच झटके हवेत आणि त्यांनी रोजच्या कामात अडथळा आणलेला असावा, नाहीतर काम पूर्ण थांबवलेलं असावं. अकरांतल्या सहांत मी काम बंद केलं होतं आणि पाचांत रखडत पुरं केलं होतं. प्रत्येक झटका पाच मिनिटं ते बहात्तर तास या मर्यादेत हवा. माझा सर्वांत छोटा वीस मिनिटांचा आणि सर्वांत मोठा अडीच दिवसांचा होता. ही मर्यादा किती ऐसपैस आहे बघा. कोणाला मिनिटं, कोणाला तास, कोणाला दिवस, आणि एकाच माणसाला हे तिन्ही. आजार निसटण्याचं हेही एक कारण, कारण दर वेळी वेगळ्या मापाची गोष्ट सांगणाऱ्या पेशंटवर पुरता विश्वास बसत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे आत्ता किंवा पूर्वी अर्धशिशी असावी. ती माझ्या विशीत होती. आणि चौथी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: निदान निम्म्या झटक्यांत अर्धशिशीची काहीतरी खूण दिसली पाहिजे. ती खूण डोकेदुखीच असायला हवी असं नाही. अर्धशिशीच्या धाटणीची डोकेदुखी, *किंवा* उजेड आणि आवाज दोन्ही सहन न होणं, *किंवा* डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येणं, यांतलं एक पुरे. माझ्या अकरा नोंदींपैकी डोकेदुखी फक्त दोनांत होती. उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे झाल्याची नोंद सातांत. अकरांत सात. निम्म्याच्या वर.

आणि शेवटी, दुसऱ्या कोणत्या आजाराने हे जास्त चांगलं समजत नसावं. मुख्य प्रश्न मेनियर या आतल्या कानाच्या आजाराचा होता, कारण दोनतीनदा कान दडे बसल्यासारखे झाले होते आणि त्यातही चक्कर तासन्‌तास टिकते. कान दडणं, कानात आवाज येणं हे दोन्हीकडे असू शकतं. पण मेनियरमध्ये खालच्या स्वरांचं ऐकू येणं कमी होतं, वरखाली होतं आणि ते चाचणीच्या आलेखात उतरतं. माझी ऐकण्याची चाचणी त्यांनी मुद्दाम झटक्याच्या दुसऱ्या दिवशी परत करून घेतली. आलेख सरळ होता. काही लोकांना दोन्ही आजार एकत्र असतात, म्हणून दरवर्षी ती करत राहा असंही सांगितलं.

म्हणजे दीड वर्षात ज्या तपासण्यांनी काहीच सांगितलं नाही असं मला वाटत होतं, त्यांनी एक गोष्ट सांगितली होती: दुसरं काही नाही. एमआरआयवर, रक्तात किंवा कानाच्या यंत्रात हा आजार दिसतो अशी खूण आजवर नाही. तो पेशंटच्या सांगण्यात असतो. ते सांगणं ऐकायला अर्धापाऊण तास लागतो, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेवढंच नसतं. कान कानवाल्यांकडे, मान मानवाल्यांकडे, डोकेदुखी तिसरीकडे, आणि ज्याचं डोकं दुखतच नाही तो तिकडे फिरकणारही नाही.

उपचारांबद्दल मी मोठ्या आशेने विचारलं आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं. अर्धशिशी टाळण्यासाठी जी रोजची औषधं वापरतात तीच इथेही वापरतात: प्रोप्रानोलॉल, फ्लुनारिझिन, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, व्हेन्लाफॅक्सिन. खास या आजारासाठी त्यांचा पुरावा थोडा आहे. 2019 मध्ये जर्मनीतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात प्रोप्रानोलॉलच्याच गटातलं मेटोप्रोलॉल आणि बिनऔषधाची गोळी यांत फरक दिसला नाही, दोन्ही गटांचे झटके कमी झाले. पुरेसे पेशंट न मिळाल्याने ती चाचणी लवकर थांबवावी लागली होती, म्हणून तो शेवटचा शब्द नव्हे, पण उगाच छातीठोक बोलायलाही जागा नाही. मग औषध निवडायचं ते माणूस बघून. दमा असेल तर प्रोप्रानोलॉल नको. मन आधीच खचलेलं असेल किंवा हात कापत असतील तर फ्लुनारिझिन नको. मला झोप नीट लागत नव्हती, म्हणून रात्री अमिट्रिप्टिलिनची अगदी लहान मात्रा सुरू केली आणि दर काही आठवड्यांनी थोडी वाढवली. दोन-तीन महिने गेल्याशिवाय उपयोग होतो की नाही हे ठरवायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. ते लिहिलं नसतं तर तोंड कोरडं पडण्याला कंटाळून मी तिसऱ्या आठवड्यातच गोळी सोडली असती.

चक्कर दाबणाऱ्या ज्या गोळ्या मी आठ महिने रोज घेत होते त्या आधी हळूहळू बंद झाल्या. त्या झटक्याच्या वेळी, एकदोन दिवस, ठीक. रोज घेतल्या तर मेंदू तोल सावरायला शिकतो त्यातच अडथळा येतो, आणि त्यांतल्या काहींनी दीर्घकाळात हातपाय कापायला, हालचाली मंद व्हायला लागतात.

मानेचा पट्टाही गेला. त्याच्या जागी एक व्यायाम आला. हात पुढे लांब करून अंगठा उभा धरायचा, नजर नखावर ठेवायची आणि डोकं ‘नाही’ म्हणतो तसं डावी-उजवीकडे हलवायचं. नख स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने. पहिल्या दिवशी आठव्या हेलकाव्याला नखाची कड पुसट झाली आणि पोटात ढवळलं. मी थांबले. रोज दोनदा, एक मिनिट, झटक्याच्या दिवशी अजिबात नाही. सहा आठवड्यांनी एक मिनिटभर नख नखासारखं राहिलं. प्रुफांचा मूळ कागदही मी आता स्क्रीनच्या शेजारी, त्याच उंचीवर उभा लावते. मान वळतेच, पण कमी.

आता महिन्यात तीनाऐवजी एखादा झटका येतो, कधी तोही नाही. झोप मोडली किंवा जेवण टळलं की हमखास, आणि पाळी जवळ आली की निम्म्या वेळा. गेला नाहीये. पण तो आला की काय आलं आहे हे मला माहीत असतं, आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभी असताना मी मरते आहे असं वाटत नाही.

निदान पक्कं झालं त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. ती एकाहत्तर वर्षांची आहे. लहानपणी तिला महिन्यातून एक दिवस अंधाऱ्या खोलीत, कपाळाला घट्ट पट्टी बांधून पडलेलं मी बघत आले होते. आम्ही त्याला पित्त म्हणायचो. मी विचारलं, तुझं ते डोकं दुखणं कधी थांबलं गं?

‘पन्नाशीत. पाळी गेली तेव्हा. सुटले बाई.’

आणि मग?

‘मग काय? काही नाही.’ ती थोडं थांबली. ‘मग ते भिंती धरून चालणं सुरू झालं. पण ते वयाचं.’

मी वहीचं कोरं पान उघडलं आणि तिला विचारलं, तसं होतं त्या दिवशी तुला दिवा चालतो का?

‘दिवा?’ आई म्हणाली. ‘त्या दिवशी मी देवघरातलीसुद्धा वात मालवायला सांगते. तुला कसं कळलं?’